फ्लायव्हीलचा I दर वजनाला वेगळा येतो: आधी वही तपासा, बेअरिंग शेवटी

नागपुरातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. भिंतीवरच्या ब्रॅकेटमध्ये बसवलेलं बिडाचं चाक, त्याच्या शाफ्टवर गुंडाळलेला दोरा, दोऱ्याला लटकवलेलं वजन आणि स्टॉपवॉच, एवढाच फ्लायव्हीलच्या प्रयोगाचा संसार. तरी दर वर्षी सबमिशनच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी तीच रांग लागते. "काका, हे काहून असं होऊन राहिलं? वजन वाढवलं की आय कमी येऊन राहिला. चाक तर तेच आहे ना!"

चाक तेच असतं. जडत्व आघूर्ण, म्हणजेच हा I, हा चाकाचं वस्तुमान आसाभोवती कसं पसरलं आहे याचा हिशोब. दोऱ्याला काय लटकवलं यावर ते बदलायचं कारणच नाही. तेव्हा दोष मोजण्यात असतो नाहीतर मांडणीत. चाकात तो क्वचितच असतो. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी फुकटच्या, मग पाच मिनिटांच्या, शेवटी पान्याच्या.

लक्षणं

तुमच्या वहीत यातलं नेमकं काय दिसतं ते आधी बघा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागी बोट दाखवतं.

सगळ्यात जास्त दिसणारं हे: हलक्या वजनाला I मोठा येतो, वजन वाढवत नेलं की तो कमी होत जातो, आणि पुढे पुढे त्याचं घसरणं मंदावतं. दुसरं, पाचही किमती एकमेकींशी साधारण जुळतात, पण अपेक्षेच्या बरोबर दुप्पट किंवा चौपट असतात. तिसरं, एकाच वजनाला तीनदा वेळ घेतली तर तिन्ही वेळा दोन-दोन सेकंदांनी वेगळ्या. चौथं, ग्राफ छान सरळ येतो, उत्तर मात्र सात-आठ टक्के कमी. आणि पाचवं, चाक सोडलं की ते दर वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबतं. पाचवं दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या तपासणीकडे जा.

तपासणी पहिली: वही आणि कॅल्क्युलेटर

उपकरणाला हात लावायच्या आधी गणित बघायचं. खर्च शून्य, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण इथूनच परत जातात.

चौपट उत्तर आलं असेल तर व्हर्निअरने मोजलेला शाफ्टचा व्यास त्रिज्येच्या जागी टाकला आहे. I च्या सूत्रात त्रिज्येचा वर्ग असतो, म्हणून त्रिज्या दुप्पट झाली की I चौपट. दुप्पट आलं असेल तर त्वरण काढताना २ सुटला आहे. वजन स्थिर अवस्थेतून निघून h अंतर t वेळात उतरलं तर:

```
a = 2h/t²
α = a/r
τ = m(g − a)r
```

इथे a हे वजनाचं त्वरण, α हे चाकाचं कोनीय त्वरण आणि τ म्हणजे दोऱ्याने चाकाला दिलेला टॉर्क. मुलं τ ला α ने भागून I काढतात. पुष्कळ मुलं h ला t ने भागून वेग काढतात आणि तो वेग पुन्हा t ने भागतात. तो सरासरी वेग आहे, शेवटचा नाही. शेवटचा त्याच्या दुप्पट असतो.

g वर मात्र वेळ घालवू नका. नागपूरला g साधारण ९.७९ आहे. कुणी ९.८ घेतो, कुणी ९.८१. त्याने उत्तरात फार तर ०.२ टक्क्यांचा फरक पडतो. एका मुलाने आपली ३३ टक्क्यांची चूक g वर ढकलली होती, म्हणून सांगितलं.

तपासणी दुसरी: बोटाने टिचकी

गणित बरोबर आहे आणि तरी I वजनाबरोबर घसरतो आहे, तर संशय घर्षणावर. तो पक्का करायला स्टॉपवॉचसुद्धा लागत नाही.

रिकाम्या दोऱ्याला अगदी हलकं वजन लावा आणि चाकाला बोटाने हळूच टिचकी द्या. चाक दोन-चार अंश सरकून थांबलं, तर वजन थोडं वाढवा. पुन्हा टिचकी. असं करत गेलं की एक वजन असं सापडतं की टिचकीनंतर चाक ना थांबत ना वेग घेत, संथपणे एकाच चालीने फिरत राहतं. त्या वजनाचा टॉर्क म्हणजेच बेअरिंगमधलं घर्षण. आमच्या चाकाला, बेअरिंग बदलण्याआधी, हे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान सापडायचं.

टिचकी न देता केलं तर हे वजन जास्त येतं, कारण थांबलेलं चाक हलवायला लागणारं घर्षण फिरत्या चाकापेक्षा मोठं असतं. आपल्याला फिरताना असणारं हवं आहे.

आता विचार करा. घर्षणच जर सुमारे ४६ ग्रॅमच्या टॉर्कएवढं आहे, तर १०० ग्रॅम वजन लावल्यावर जवळजवळ निम्मा टॉर्क बेअरिंगनेच खाल्ला. चाकाला उरला निम्मा. तुम्ही मात्र सूत्रात पूर्ण १०० ग्रॅम धरले. चाक सुस्त दिसलं, आणि सुस्तपणाचं सगळं खापर I वर फुटलं. ५०० ग्रॅम लावले की बेअरिंग तेच ४६ ग्रॅम खातं, पण आता तो दहावा हिस्साही नाही. म्हणून I खाली येतो.

मुलांना मी हे ऑटोच्या भाड्याने समजावतो. मीटर पडल्या पडल्या ठरावीक रक्कम लागते, पुढे दर किलोमीटरला ठरावीक दर. बर्डीवरून कुठेही जा, एकूण भाड्याला किलोमीटरने भागलं तर जवळची फेरी महाग दिसणार आणि लांबची स्वस्त. दर बदललेला नसतोच, सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्ही वेगळी काढलेली नसते. (आपल्याकडे मीटरने जातं कोण म्हणा, पण मुद्दा कळतो.)

तपासणी तिसरी: सरासरी खोडा, ग्राफ काढा

या पोस्टचा खरा जीव इथे आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

जर्नलमध्ये बहुतेक जण पाच वजनांचे पाच I काढतात, त्यांची सरासरी घेतात आणि खाली रेघ मारून उत्तर लिहितात. सरासरीने इकडेतिकडे विखुरलेल्या चुका कमी होतात. पण घर्षणाची चूक विखुरलेली नाही. ती पाचही किमतींना एकाच दिशेने, वर, ढकलते. सरासरीत ती जशीच्या तशी उतरते.

गेल्या हिवाळ्यातल्या एका बॅचचे आकडे देतो. शाफ्टचा व्यास २५.० मिमी, दोऱ्याची जाडी १.० मिमी, म्हणून परिणामी त्रिज्या १३.० मिमी. ही बेरीज का, ते पाचव्या तपासणीत येईल. वजन उतरण्याची उंची ८०.० सेंमी. वजनांत हँगर धरलेला आहे, आणि प्रत्येक वेळ तीन रीडिंगची सरासरी आहे.

| वजन (ग्रॅम) | वेळ (सेकंद) | कोनीय त्वरण (रेडियन/से²) | टॉर्क (न्यूटन मी) | घर्षण न धरता I (किग्रॅ मी²) |
|---|---|---|---|---|
| १०० | २८.१ | ०.१५६ | ०.०१२७ | ०.०८१६ |
| २०० | १६.५ | ०.४५२ | ०.०२५४ | ०.०५६३ |
| ३०० | १२.८ | ०.७५१ | ०.०३८१ | ०.०५०८ |
| ४०० | १०.९ | १.०३६ | ०.०५०८ | ०.०४९१ |
| ५०० | ९.६ | १.३३५ | ०.०६३५ | ०.०४७६ |

शेवटच्या रकान्याची सरासरी ०.०५७. त्या बॅचने तेच लिहून आणलं होतं. चाक साध्या भरीव चकतीसारखं आहे, वस्तुमान ६ किग्रॅ आणि त्रिज्या १२ सेंमी. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग केलं की ०.०४३ येतं. ०.०५७ म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त.

आता तेच आकडे, एकही नवीन रीडिंग न घेता, ग्राफवर मांडा. आडव्या अक्षावर कोनीय त्वरण, उभ्या अक्षावर टॉर्क. कारण खरं समीकरण हे आहे:

```
τ = I α + τ_f
```

हे सरळ रेषेचं समीकरण आहे. रेषेचा चढ, म्हणजे स्लोप, हाच I. आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आंतरछेद म्हणजे घर्षणाचा टॉर्क. वरचे पाच बिंदू मांडून रेषा काढली की चढ ०.०४३१ येतो आणि आंतरछेद ०.००५९ न्यूटन मी. किमतींचं घसरणं गेलं, कारण ठरावीक रक्कम आता आंतरछेदात वेगळी झाली.

इथे एक पडताळा फुकट मिळतो. ०.००५९ ला g ने आणि त्रिज्येने भागा. उत्तर ०.०४६ किग्रॅ, म्हणजे ४६ ग्रॅम. टिचकीच्या तपासणीत चाक एका चालीने फिरवणारं वजनही तिथेच होतं. एक आकडा घड्याळातून आला, दुसरा घड्याळ न वापरता आला, आणि दोन्ही जुळले. व्हायवात बाह्य परीक्षकांनी "घर्षणाचं काय केलंत?" विचारलं तर हेच सांगायचं. "घर्षण नगण्य मानलं" हे वाक्य आमच्या चाकाबाबत धडधडीत खोटं आहे.

रेषा ओढताना ती बळेच शून्यातून नेऊ नका. ग्राफ शून्यातून जायला हवा ही सवय ओहमच्या नियमाच्या प्रयोगातून येते. इथे ती रेषा शून्यातून नेली की घर्षण पुन्हा I मध्ये शिरतं.

आता एक गंमत. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा ग्राफ खरंच शून्यातून गेला होता आणि I पाचही वजनांना ०.०४१ ते ०.०४३. ती खूश, सर खूश. मला मात्र खटकलं, कारण आदल्याच दिवशी मी त्या चाकाचं बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं होतं. विचारलं, "हँगर धरला का गं?" तिने जीभ चावली. हँगर ५० ग्रॅमचा, तो वजनात मिळवलाच नव्हता. घर्षण ४६ ग्रॅमचं आणि विसरलेला हँगर ५० ग्रॅमचा, दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं होतं. हँगर विसरला तर सगळे बिंदू सारखेच खाली सरकतात, त्यामुळे चढ तसाच राहतो आणि फक्त आंतरछेद पडतो. म्हणून आंतरछेद शून्य किंवा किंचित ऋण आला, तर आनंद मानण्याआधी हँगर तपासा.

तपासणी चौथी: हात आणि घड्याळ

बिंदू रेषेवर बसतच नाहीत, किंवा एकाच वजनाच्या तीन वेळा जुळत नाहीत, तर आता उपकरणाजवळ या.

सर्वांत मोठा गुन्हेगार चाक सोडणारं बोट. सोडताना नकळत धक्का दिला जातो. वजनाला सुरुवातीलाच सेकंदाला १ सेंमी एवढा वेग मिळाला, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका, तरी १०० ग्रॅमची वेळ २८ सेकंदांवरून साडेतेवीसच्या आसपास येते. ५०० ग्रॅमची साधारण ९.६ वरून ९.० होते. हलक्या वजनाची वेळ धक्क्याला इतकी हळवी असते. ग्राफवर हे असं दिसतं: डावीकडचा, हलक्या वजनाचा बिंदू रेषेपासून उजवीकडे सरकलेला. उपाय सोपा आहे. चाकाच्या कडेवर वरून बोट टेकवून ठेवायचं आणि सोडताना ते सरळ वर उचलायचं, कडेच्या दिशेने ओढायचं नाही. चाक सोडतो त्यानेच घड्याळ सुरू करायचं. "एक, दोन, तीन" म्हणत दोघांनी केलं की दोघांच्या प्रतिक्रियेचा वेळ वेगवेगळा मिसळतो.

दुसरं, वजन पोचल्याचा क्षण. मुलं खाली वाकून डोळ्याने बघतात. ५०० ग्रॅमचं वजन फरशीजवळ येतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ सेंमी असतो, म्हणून निदान ठक् तरी ऐकू येतं. पण १०० ग्रॅमचं वजन सेकंदाला ६ सेंमीपेक्षाही कमी वेगाने उतरतं. ते मांजरासारखं येऊन बसतं, आवाजच नाही. मी खाली स्टीलची ताटली पालथी ठेवतो. वजन तिला टेकलं की टिण् होतं. अगदी हलक्या वजनाला तेही ऐकू आलं नाही, तर वजनाकडे न बघता त्याच्या वरच्या दोऱ्याकडे बघा. ताणलेला दोरा एकदम पोटाशी ढिला पडतो, तो क्षण डोळ्याला स्पष्ट दिसतो. ताटली ठेवल्यावर उंची पुन्हा मोजा. फरशीपासून मोजलेली ८० सेंमी ताटलीपासून ८० राहत नाही.

घड्याळ ०.०१ सेकंद दाखवतं म्हणून वहीत ९.६३ लिहायचं हा मोह आवरा. तुमच्या अंगठ्याची अनिश्चितता ०.१ ते ०.२ सेकंद आहे. वेळेचा वर्ग होतो, त्यामुळे ९.६ सेकंदांत ०.१ ची चूक म्हणजे त्वरणात दोन टक्के. म्हणूनच ५०० ग्रॅमच्या पुढे वजन वाढवून घर्षणाला हरवायचा बेत फसतो. घर्षणाचा हिस्सा कमी होतो, पण वेळ आखूड होऊन अंगठ्याची चूक वाढते. वजन वाढवण्यापेक्षा उंची वाढवा, टेबल बाजूला सरकवा आणि वजन फरशीपर्यंत जाऊ द्या.

थंडीत आणखी एक गोष्ट दिसते. जानेवारीत सकाळच्या बॅचची पहिली दोन रीडिंग नेहमी लांबतात, कारण बेअरिंगमधलं ग्रीस रात्रभर घट्ट झालेलं असतं. आधी चाक हाताने पाचेक मिनिटं फिरवून घ्या, आणि पाचही वजनं झाल्यावर पहिलं वजन पुन्हा लावून बघा. वेळ जुळली तर घर्षण मधल्या काळात बदललेलं नाही. नाही जुळली, तर सगळी मालिका पुन्हा. मला माहीत आहे हे कुणाला आवडत नाही.

तपासणी पाचवी: दोरा

ग्राफ सरळ, आंतरछेद टिचकीशी जुळतो, तरी I सात-आठ टक्क्यांनी कमी? मग त्रिज्या चुकली आहे. ही चूक ग्राफमध्ये दिसत नाही, कारण ती सगळ्या बिंदूंना सारखीच लागते. टिचकीच्या पडताळ्यातही ती सुटते, कारण तिथे त्रिज्या भागाकारात निघून जाते. ती वेगळीच शोधावी लागते.

दोऱ्याचा ताण शाफ्टच्या पृष्ठभागावर नसतो, तो दोऱ्याच्या मध्यातून जातो. म्हणून शाफ्टच्या त्रिज्येत दोऱ्याची निम्मी जाडी मिळवायची. आमच्याकडे १२.५ मध्ये ०.५ मिळवून १३.० मिमी. अर्धा मिलिमीटर काय, असं वाटतं, पण वर्ग होतो ना! १२.५ धरलं तर वरच्या आकड्यांतून I ०.०४३१ ऐवजी ०.०३९८ येतो.

व्हर्निअरने दोऱ्याची जाडी नीट मिळत नाही, जबड्यात तो चेपतो. त्यापेक्षा दोरा शाफ्टवर नीट गुंडाळा, चाकावर खडूची खूण करा, बरोबर १० फेरे हळूहळू सोडा आणि वजन किती खाली आलं ते पट्टीने मोजा. आमचं ८१.७ सेंमी येतं. १० ने आणि २π ने भागलं की १३.० मिमी. जाडी, चेपणं, सगळं त्यात आपोआप आलं. पट्टी आणि खडू, आणखी काय लागतं.

वेळा विखुरलेल्या असतील तर दोऱ्याच्या वेढ्यांकडे बघा. ८० सेंमीसाठी दहाच्या आत वेढे लागतात. १ मिमी जाडीच्या दोऱ्याला शाफ्टवर जेमतेम सेंटीमीटरभर जागा पुरते. एकाशेजारी एक असे ते एका थरात बसायला हवेत. घाईत गुंडाळला की वेढा वेढ्यावर चढतो, तिथे त्रिज्या १३ ची १४ होते, आणि वजन मध्येच किंचित झपाट्याने उतरतं. कोणता वेढा कुठे चढला ते दर वेळी वेगळं, म्हणून वेळाही वेगवेगळ्या.

सुतळी वापरू नका. ती जाड असते, केसाळ असते आणि ताणाखाली चपटी होते. इतवारीत पतंगाच्या सामानाच्या दुकानांतून साधा न काचवलेला दोरा आणतो मी, किंवा मासेमारीचा नायलॉन. मांजा कुणी आणू नका, बोटं कापून घ्याल. नायलॉनला आधी अर्धा तास ५०० ग्रॅम टांगून ठेवतो, म्हणजे नंतर ताणत नाही.

तपासणी सहावी: चाक, आणि इथे थांबा

दोऱ्याशिवाय चाक हळूच फिरवून सोडा. थांबल्यावर सर्वांत खाली असलेल्या जागी खडूने खूण करा. असं पाच-सहा वेळा. खुणा सगळीकडे पसरल्या तर ठीक. दर वेळी तीच जागा खाली आली, तर चाक एका बाजूला जड आहे. मग उतरणाऱ्या वजनाबरोबर ती जड बाजूही कधी मदत करते, कधी अडवते, आणि सरळ रेषेचं समीकरण मुळात लागू होत नाही. मेण चिकटवून तोल साधायचा प्रयत्न मुलं करतात. करू नका. कडेवर लावलेल्या थोड्याशा मेणानेही I बदलतो, आणि कुणी किती लावलं याची नोंद कुठेच राहत नाही.

मग कान लावा. चाक फिरताना खरखर किंवा ठराविक अंतराने कट्-कट् ऐकू आली, तर बेअरिंगची गोळी नाहीतर कडी खराब आहे. चाक दोन्ही हातांनी धरून हळूच पुढे-मागे हलवा. शाफ्ट डुगडुगला, किंवा भिंतीवरचा ब्रॅकेट हलला, तर प्रयोग तिथेच बंद. दोरा काढा, चाकावर "वापरू नये" असा कागद लावा, आणि सहायकाला किंवा कार्यशाळेतल्या फिटरला बोलवा. ब्रॅकेटचा बोल्ट ढिला असेल तर तो विद्यार्थ्याने आवळायचा नाही. सहा किलोचं बीड छातीच्या उंचीवरून पायावर पडलं तर काय होईल, सांगायला नको.

बेअरिंग स्वतः उघडू नका. तेलाचे दोन थेंब टाकू या, असा सल्ला कुणी ना कुणी देतोच. पातळ तेल आतलं ग्रीस धुऊन काढतं, आठवडाभर चाक छान पळतं आणि मग आणखी खरखरतं. एकाच मालिकेच्या मध्येच तेल टाकलं तर पहिले तीन बिंदू एका घर्षणाचे आणि शेवटचे दोन दुसऱ्याचे, ग्राफला मधेच कोपर फुटतो. मी तो पाहिला आहे.

अहवालात काय लिहायचं

अनिश्चिततेचा हिशोब आमच्याकडे असा बसतो: त्रिज्येत ०.१ मिमी म्हणजे I मध्ये दीड टक्का, वेळेतून सुमारे दोन टक्के, उंचीतून अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून चढ ०.०४३१ आला तरी उत्तर लिहायचं असं:

```
I = (0.043 ± 0.001) kg m²
τ_f = 0.006 N m
```

कॅल्क्युलेटरवरचे ०.०४३१४८९ उतरवू नका. खाली दोन ओळी: घर्षणाचा टॉर्क आंतरछेदातून काढला, आणि टिचकीच्या तपासणीत किती ग्रॅम आले. त्रिज्या दोऱ्यासकट घेतली, तेही लिहा. सैद्धांतिक किंमत देत असाल तर चाक भरीव चकती आहे की कडेला जाड आहे ते आधी बघा. कड जाड असेल तर भरीव चकतीचं सूत्र खऱ्यापेक्षा कमी उत्तर देतं, आणि तुमचं बरोबर उत्तर चुकीचं दिसेल. रीडिंग मात्र कुठलंही खोडायचं नाही. १०० ग्रॅमचा बिंदू रेषेपासून लांब पडला तर तो ग्राफवर ठेवा आणि का पडला असावा ते लिहा.

या चाकाचं बेअरिंग शेवटी मार्चमध्ये बदललं. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने जुनं ओढून काढलं, नवं बसवलं आणि शाफ्ट सरळ आहे का तेही डायलवर पाहून दिलं. परत बसवल्यावर मी तीच पाच वजनं, तोच दोरा, तीच ताटली घेऊन रीडिंग काढली. टिचकीला आता १६ ग्रॅम पुरतात. आंतरछेद ०.००२ वर उतरला. चढ ०.०४२८.